रिमोटचा कागद, मोठ्या अक्षरांत

बहुतेक घरांत असा कागद एकदा तरी लिहून झालेला असतो. मुलगा किंवा मुलगी सुट्टीला आलेली असते. निघायच्या आदल्या रात्री वहीचं पान फाडून त्यावर निळ्या पेनने लिहिलं जातं: हे बटण चालू-बंदचं, हे आवाजाचं, हे चॅनेलचं, इथून यूट्यूब. पान टीव्हीखालच्या कप्प्यात जातं आणि पुढच्या आठवड्यात फोन येतो, "पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलंय, मालिका लागत नाहीये." कागदावर चूक काहीच नसते, प्रत्येक बटणाचं काम बरोबर लिहिलेलं असतं. पण आईला बटणांची ओळख नको असते. समोर हे असं दिसतंय, तर आता काय दाबायचं, एवढंच तिला हवं असतं.

रिमोटवरची काही बटणं सरळ असतात. 3 दाबलं की 3. चालू-बंदचं लाल बटण, आवाज बंद करणारं बटण आणि सोर्सचं बटण मात्र तशी नाहीत. तेच बटण एकदा टीव्ही चालू करतं आणि पुन्हा दाबलं की बंद करतं. म्हणजे त्यांचं काम आधीच्या स्थितीवर ठरतं, आणि ती स्थिती पडद्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून 'लाल बटण दाबलं की टीव्ही लागतो' हे वाक्य कागदावर निम्म्याच वेळा खरं ठरतं. चांगल्या कागदाची प्रत्येक ओळ 'काय दिसतंय' इथून सुरू व्हायला हवी. आणि कुठेही अडकलं तरी ओळखीच्या जागी परत आणणारा एक रस्ता त्यावर असायलाच हवा.

इथे मी मिरजेतल्या आमच्या घरचा कागद कसा तयार झाला ते सांगते. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, वाचायचा चष्मा वेगळा. दुपारी आणि संध्याकाळी ती घरात एकटी असते. टीव्ही स्मार्ट आहे, शेजारी डिशचा सेटटॉप बॉक्स, ज्याला ती डबा म्हणते. म्हणजे यंत्रं दोन आणि रिमोटही दोन.

गोंधळाचं मूळ या दोन यंत्रांत आहे. चॅनेल डब्यात येतात आणि एका केबलमधून टीव्हीत जातात. ही केबल टीव्हीच्या ज्या खाचेत बसवलेली असते, तिला एक नाव असतं: HDMI 1, HDMI 2 वगैरे. टीव्हीने त्याच खाचेकडे पाहायला हवं. यूट्यूब किंवा मालिकांची ॲप मात्र टीव्हीच्या आतच असतात, त्यांचा डब्याशी काही संबंध नाही. त्यामुळे टीव्ही चालू आणि डबा बंद असला, किंवा दोन्ही चालू पण टीव्ही भलत्या खाचेकडे पाहत असला, तर पडद्यावर तेच `No Signal` येतं. दोन वेगळे बिघाड आणि एकच पाटी. पण ओळखायची खूण बहुतेक टीव्ही स्वतःच देतात. कोपऱ्यात खाचेचं नाव येतं. डबा ज्या खाचेला जोडलाय तेच नाव असेल, तर डबा झोपलाय. दुसरं असेल, तर टीव्ही भलतीकडे पाहतोय.

हे सगळं आईला शिकवायचं नाही. हे लिहिणाऱ्याला माहीत हवं, कारण कागद लिहिण्याआधी टीव्ही नीट लावून घ्यायचा असतो. सेटिंगमध्ये एकदा केलेल्या बदलाने कागदावरच्या दोन-तीन ओळी कायमच्या गळतात, आणि गळलेली ओळ कितीही मोठ्या टाइपातल्या ओळीपेक्षा उपयोगी पडते.

पहिला बदल डब्याच्या रिमोटचा. बऱ्याच डब्यांच्या रिमोटला टीव्हीचं चालू-बंद आणि टीव्हीचा आवाज शिकवता येतो. कृती प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती डब्यासोबतच्या पुस्तिकेत मिळते. पुस्तिका हरवली असेल तर डबा बसवणारा माणूस करून देतो. हे जमलं की मालिका पाहण्यापुरता टीव्हीचा रिमोट हातात घ्यावाच लागत नाही. डबा कायम चालू ठेवायचा आणि रात्री फक्त टीव्ही बंद करायचा. आमच्याकडे यानंतर रिमोटांची नावंही कामावरून पडली: एक 'मालिकेचा रिमोट', दुसरा 'यूट्यूबचा रिमोट'. कागदावर हीच नावं आहेत.

दुसरा बदल टीव्हीच्या सेटिंगमधला. स्मार्ट टीव्ही लावला की अनेकदा आधी होम स्क्रीन येते, सिनेमांच्या चौकोनांनी भरलेली. आईच्या दृष्टीने ती कुठलीच जागा नाही. पुष्कळ टीव्हींमध्ये 'चालू झाल्यावर काय दाखवायचं' याचा पर्याय असतो: होम स्क्रीन, शेवटी पाहिलेलं, किंवा ठरावीक खाच. ठरावीक खाच निवडता आली तर तीच निवडावी. आमच्या टीव्हीत ती आहे. त्यामुळे टीव्ही बंद करून पुन्हा लावला की तो आपोआप डब्याकडे वळतो आणि समोर आदल्या वेळचं चॅनेल येतं. वर म्हटलेला परतीचा रस्ता तो हाच. यूट्यूबमध्ये अडकली, भलतं ॲप उघडलं, कुठलासा तक्ता समोर आला, तरी उपाय तोच: बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, चालू करायचं. ज्या टीव्हीत अशी सोय नसेल, तिथे सोर्सचं बटण, मग HDMI 1, मग OK या तीन पायऱ्या लिहाव्या लागतात. त्याही चालतात, पण त्यात पडद्यावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं.

तिसरा बदल आवाजाचा. डब्याला स्वतःचा आवाज असतो आणि टीव्हीला स्वतःचा. डब्याचा आवाज कधीतरी खाली गेला असेल तर टीव्हीचा कितीही वाढवला तरी मालिका पुटपुटतेच, आणि मग यूट्यूब लावलं की एकदम दणका बसतो. डब्याचा आवाज एकदाच पूर्ण वर नेऊन ठेवायचा आणि यापुढे फक्त टीव्हीचा वापरायचा. शिकवलेल्या रिमोटवर ते आपोआप होतं. आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत अशी तक्रार असेल, तर ती बहुधा वेगळीच गोष्ट असते. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि स, श, त, क ही व्यंजनं ओळखू येतात ती त्या पट्टीवरूनच. तिथे आवाज वाढवून फार फरक पडत नाही. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा किंवा बातम्यांसाठीचा पर्याय असतो, तो लावून पाहावा.

हे झाल्यावर रिमोट. आमच्याकडे नवीन रिमोट आला की तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावायची पद्धत. पिशवी महिन्याभरात धुरकट होते आणि बटणांवरची अक्षरं तिच्याखाली विरून जातात. ती काढून टाकली. मग टिकल्या. आईच्याच पाकिटातल्या मखमली टिकल्यांपैकी एक मोठी टिकली टीव्हीच्या चालू-बंद बटणावर आणि दोन लहान आवाजाच्या बटणाच्या दोन टोकांवर. टिकलीचा फायदा असा की अंधारातही ती बोटाला लागते. पण ती उन्हाळ्यात सुटते, म्हणून खाली नेलपॉलिशचा एक जाड थेंब देऊन वाळल्यावर वर टिकली लावली. टिकली गेली तरी उंचवटा राहतो. काळ्या रिमोटवर लाल किंवा निळा रंग घेऊ नये, पांढरा किंवा पिवळा घ्यावा. वाढत्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग काळपट दिसू लागतो. आईची भिंगं शस्त्रक्रियेत बदललेली असल्यामुळे तिला तो त्रास कमी, पण शेजारच्या काकांना रिमोटवरची निळी आणि हिरवी बटणं सारखीच वाटतात.

टिकल्या लावण्याचं आणखी एक कारण आहे. चॅनेल पुढे-मागे करणारं बटण आणि आवाज कमी-जास्त करणारं बटण डब्याच्या रिमोटवर शेजारी शेजारी असतात, बहुधा एकाच आकाराची. 'वरचा बाण दाबायचा' असं लिहिलं तर कुठला वरचा, हा प्रश्न उरतोच, कारण मधल्या गोल बटणालाही वर-खाली बाण असतात. आता कागदावर 'लहान टिकली, वर' एवढं पुरतं.

मग कागदाचा हिशेब. मोठ्या टाइपाची छपाई साधारण १८ पॉइंटपासून मानतात. देवनागरीत तेवढ्याने भागत नाही, कारण अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष अक्षराचा देह त्या मानाने लहान राहतो. किती मोठं हवं ते ठरवायची खरी रीत म्हणजे एकच वाक्य २०, २४, २८ आणि ३२ पॉइंटांत छापून संध्याकाळी, त्याच खुर्चीत, त्याच ट्यूबलाइटखाली दाखवणं. आणि वाचायचा चष्मा न लावता. हे महत्त्वाचं आहे, कारण टीव्ही पाहताना तो चष्मा नाकावर नसतो. पडदा लांब आणि कागद जवळ, प्रत्येक ओळीला चष्मा बदलावा लागला तर माणूस कागद सोडून देतो. आईला हात लांब करून २८ पॉइंट सहज वाचता आला.

आता गणित असं. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर. वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला तर २५७ मिलिमीटर उरतात. २८ पॉइंट अक्षराला ओळींमधलं अंतर दीडपट धरलं तर एक ओळ जवळजवळ १५ मिलिमीटर घेते. म्हणजे पानावर सतरा ओळी. एका ओळीत पाच-सहा शब्द. तेवढीच आपली जागा. लिहिणाऱ्याचा हात आखडतो तो इथे, आणि तो आखडलाच पाहिजे. 'गाइड', 'इन्फो', रंगीत चार बटणं, रेकॉर्डिंग, सगळं बाहेर. डब्याच्या रिमोटवर चाळीसच्या आसपास बटणं असतात, पण आमच्या मालिकेच्या पानावर चालू-बंद, आवाज, आकडे आणि डब्याचं लाल बटण एवढीच आली.

अक्षर साधं, सारख्या जाडीचं हवं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यातली जोडाक्षरं मोठ्या आकारात स्वच्छ दिसतात. नोटो सान्स देवनागरीही चालतो. सगळंच ठळक करू नये, कारण ठळक अक्षरात मात्रांच्या मधली जागा भरून येते. कागद जाड आणि बिनचकाकीचा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडते आणि नेमकी हवी ती ओळ तिच्याखाली जाते.

फोटोपेक्षा रेघांचं चित्र चांगलं. काळ्या रिमोटचा फोटो छापला की काळा ठोकळा दिसतो. त्यापेक्षा कागदाच्या डाव्या बाजूला रिमोट ठेवून पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ मारावी, लागणारी बटणं त्यांच्या जागी काळ्या मार्करने भरावीत आणि बाकीची फिकट ठेवावीत. चित्र खऱ्या मापाचं होतं, त्यामुळे आईला हातातला रिमोट चित्राशेजारी धरून जुळवता येतो. त्यासाठी आम्ही चित्राला वेगळं पान दिलं, मजकुराच्या सतरा ओळींत ते घुसवलं नाही.

मालिकेचं पान शेवटी असं झालं:

मालिका बघायची
१. मालिकेचा रिमोट घ्यायचा.
२. मोठी टिकली एकदा दाबायची.
३. चित्र येईपर्यंत थांबायचं.
४. चॅनेलचा आकडा, न थांबता.
५. आवाज: लहान टिकल्या.

No Signal दिसतंय
६. डब्याचं लाल बटण एकदा.
७. शंभर आकडे मोजायचे.

भलतंच काही दिसतंय
८. मोठी टिकली. टीव्ही बंद.
९. दहा आकडे मोजायचे.
१०. मोठी टिकली. टीव्ही चालू.

पाऊस मोठा आहे, चित्र नाही
११. काही दाबायचं नाही. थांबायचं.

'दाब' किंवा 'दाबा' न लिहिता 'दाबायची' असं लिहिण्याचं कारण घरगुती आहे. आईला आम्ही अगं-तूगं करतो आणि बाबांना अहो-जाहो, आणि कागद दोघांचाही.

चौथ्या ओळीतल्या 'न थांबता'ला अर्थ आहे. डबा तीन किंवा चार आकड्यांची वाट पाहतो, पण दोन आकड्यांमध्ये काही सेकंद गेले की आतापर्यंत दाबलेल्यालाच चॅनेल समजतो. पहिला आकडा दाबून आई कागदाकडे पाहायची, दुसरा शोधायची, तोवर डबा भलत्याच चॅनेलवर गेलेला असायचा. 'बरोबर दाबलं तरी दुसरंच लागतं' असं कोणी म्हणालं तर आधी हे तपासावं. उपाय म्हणून चॅनेलांचे आकडे वेगळ्या पट्टीवर, आणखी मोठ्या अक्षरांत छापले आणि आकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवली. आकडा आधी मनात म्हणायचा आणि मग दाबायचा. आकडे इंग्रजी वळणाचे, कारण रिमोटवर तसे आहेत आणि जुळवायचे त्यांच्याशीच आहेत. झी मराठी, स्टार प्रवाह, सह्याद्री, एक बातम्यांचं चॅनेल, बस. हे आकडे प्रत्येक कंपनीच्या डब्यावर वेगळे असतात आणि मधूनमधून बदलतातही, म्हणून पट्टी सुटी ठेवली. ती बदलली की बाकी कागद तसाच राहतो. डब्यात आवडत्या चॅनेलांची यादी करायची सोय असेल तर तीही करून द्यावी.

अकराव्या ओळीवर घरात चर्चा झाली. सतरा ओळींतली एक पावसाला कशाला? पण डिशवर येणारे उपग्रहाचे संकेत अशा लहरींचे असतात की दाट पाऊस त्यांना शोषतो आणि पसरवतो. जून ते सप्टेंबर जोराच्या सरीत चित्र तुटतं किंवा जातं आणि सर ओसरली की आपोआप येतं. हे माहीत नसलेला माणूस त्या दहा मिनिटांत सगळी बटणं दाबून पाहतो. मग पाऊस थांबतो, पण टीव्ही तोवर चौथ्याच ठिकाणी पोचलेला असतो. ज्यांच्याकडे केबल आहे त्यांनी ही ओळ सोडावी आणि तिथे वीज जाऊन आल्याची ओळ घालावी. वीज परत आल्यावर काही डबे झोपलेलेच राहतात, तिथे सहाव्या ओळीचा उपाय लागू पडतो. सातव्या ओळीत शंभरपर्यंत मोजायला सांगितलंय ते याचसाठी: डबा पूर्ण जागा व्हायला वेळ घेतो, आणि त्या वेळात लाल बटण पुन्हा दाबलं की तो परत झोपतो.

यूट्यूबचं पान वेगळं, दुसऱ्या रंगाच्या कागदावर. इथे बटणांपेक्षा एक कल्पना समजावून द्यावी लागते. फोनवर जे हवं त्यावर बोट ठेवलं की काम होतं. टीव्हीवर तसं नाही. पडद्यावर नेहमी एकच चौकोन निवडलेला असतो. तो थोडा मोठा होतो किंवा त्याभोवती पांढरी कड येते. सारीपाटावरची सोंगटी जशी एका वेळी एक घर सरकते, तशी ही कड बाणाच्या एका दाबाला एक घर सरकते. हव्या चित्रावर ती पोचली की मधलं OK. आई आधी चित्राकडे पाहत OK दाबायची आणि दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं, कारण कड तिकडे नव्हतीच. ती कुठे आहे हे शोधायची सवय लागली तेव्हा अर्धं काम झालं. पानावर पहिली ओळ हीच आहे: 'पांढरी कड कुठे आहे ते बघायचं.'

ॲप उघडायला होम स्क्रीनवरची जागा सांगू नये. 'डावीकडून तिसरा चौकोन' हे आज खरं असतं. नवीन ॲप आलं किंवा जाहिरातीची ओळ वर आली की खोटं ठरतं. अनेक रिमोटांवर यूट्यूबचं स्वतंत्र बटण असतं, ते सगळ्यांत पक्कं. ज्या ॲपला बटण नाही, ते ॲपच्या ओळीत पहिल्या जागी आणून ठेवावं आणि न लागणारी काढून टाकावीत. आमच्याकडे आईला मालिकांचे चुकलेले भाग पाहायला एक ॲप लागतं, ते पहिलं, आणि बाकी काही नाही.

पुढे बटणं चारच: बाण, OK, मागे जाण्याचा वळलेला बाण, आणि यूट्यूब. 'मागे'चं बटण महत्त्वाचं, पण ते किती वेळा दाबायचं ते सांगता येत नाही. एकेकदा दाबून पडद्याकडे पाहायचं, एवढंच लिहावं. फार दाबलं तर ॲपमधून बाहेर पडायचं का असं विचारलं जातं. तेव्हा घाबरायला होतं, पण बिघडत काहीच नाही.

मग पडद्यावर येणारे प्रश्न. हे इंग्रजीत येतात, म्हणून कागदावरही जसेच्या तसे, त्याच लिपीत छापायचे. अर्थ कळायची गरज नाही, अक्षरांचा आकार जुळला की पुरे. `Who's watching?` आलं तर कोण बघतंय असं ते विचारतात. आईच्या नावावर कड न्यायची आणि OK. घरातल्या प्रत्येकाची प्रोफाइल नको असेल तर बाकीच्या काढाव्यात. `Continue watching?` किंवा तसंच काही आलं तर बराच वेळ कोणी बटण दाबलेलं नाही म्हणून ॲप थांबलंय, OK. जाहिरातीत `Skip` आलं तर OK. तिन्हींचं उत्तर OK हे पाहिल्यावर पानावर एकच ओळ उरली: 'इंग्रजी प्रश्न आला तर एकदा OK.' पण ही ओळ लिहिण्याआधी एक काळजी घ्यायला हवी. पैसे भरायला लावणारा प्रश्नही इंग्रजीतच येतो. म्हणून टीव्हीवरच्या खरेदीला पिन लावून घ्यायचा आणि तो पिन कागदावर लिहायचा नाही. पिन विचारणारा आकड्यांचा तक्ता दिसला तर मोठी टिकली, म्हणजे आठवी ओळ.

इंटरनेट गेल्याची ओळख सोपी आहे. गोल चक्र फिरत राहतं किंवा ढगाचं, वायफायचं चित्र येतं. त्यावर कागदावर उपाय एकच: मालिकेकडे परत. राउटर बंद-चालू करायला आईला स्टुलावर चढावं लागेल, ते आम्ही लिहिलं नाही.

कागद तयार झाल्यावर तो वाचून दाखवायचा नाही. हातात द्यायचा, शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "आई, मालिका लाव." मग गप्प राहून बोट कुठे जातं ते बघायचं. जिथे बोट हवेत थांबतं, ती ओळ बदलायची. आमच्या पहिल्या मसुद्यात 'टीव्ही सुरू झाल्यावर आकडा दाबायचा' असं होतं. आईने टीव्हीखालचा दिवा बदलल्याबरोबर आकडा दाबला. चित्र अजून यायचं होतं आणि आकडा वाया गेला. म्हणून 'चित्र येईपर्यंत' असं झालं. नंतर टीव्ही मुद्दाम भलत्या ठिकाणी नेऊन ठेवायचा आणि परतीचा रस्ता तिला स्वतः चालू द्यायचा. एकदा ती स्वतः परत आली की न लिहिलेली बटणंही ती न घाबरता दाबून पाहते.

बटण दाबून काहीच होत नसेल तर बॅटरी. आईला ओळखायची खूण दिली: बटण दाबल्यावर डब्यावरचा बारीक दिवा लुकलुकतो का. नाही लुकलुकला तर रिमोट बोलत नाहीये. घरी कोणी असेल तर मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकाकडे धरून बटण दाबावं. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बऱ्याच कॅमेऱ्यांना, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्याला, फिकट जांभळा ठिपका म्हणून दिसतो. ठिपका आला तर बॅटरी ठीक आहे, डब्यासमोर फुलदाणी किंवा देवाचा फोटो आड आलाय का ते बघावं. यूट्यूबचा रिमोट मात्र ब्लूटूथवर चालणारा असू शकतो, त्यावर ही परीक्षा लागू पडत नाही.

ओळींना क्रमांक देण्याचा खरा उपयोग फोनवर होतो. त्याच कागदाची एक प्रत माझ्याकडे पुण्यात फ्रिजवर आहे, एक भावाकडे. फोन आला की विचारायचं, "कोपऱ्यात काय लिहिलंय? एक की दोन?" आणि सांगायचं, "सहावी ओळ कर." कुठलं बटण, कुठल्या बाजूचं, कसलं चिन्ह, हे काही बोलावं लागत नाही. कागदाच्या तळाशी शेजारच्या मुलाचा नंबर आहे, तोही त्याच २८ पॉइंटांत, आणि छापल्याची तारीख. डबा बदलला किंवा टीव्हीचं सॉफ्टवेअर बदलून पडद्याची रचना निराळी झाली की नवीन कागद छापायचा, तिन्ही प्रती बदलायच्या आणि जुना तिथल्या तिथे फाडायचा, कारण दोन तारखांचे दोन कागद घरात राहिले तर संध्याकाळी हाताला जुनाच लागतो.